पुसण्याचा हुकूम पोचेल का?

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात कॅथलिक धर्मप्रांताची एक सेवासंस्था होती. सहा शुश्रूषागृहांचं व्यवस्थापन आणि संगणकाचं काम ती पाहायची. या संस्थेनं एका कर्मचाऱ्याला दिलेला आयफोन चोरीला गेला. फोनची किंमत किरकोळ होती, पण आत ४१२ रुग्ण-रहिवाशांची माहिती होती: कुणाला कोणता आजार, कुठलं औषध, कुठले उपचार, नातेवाइकांची नावं, सरकारी ओळख क्रमांक. फोनला पासकोड नव्हता आणि मजकूर एन्क्रिप्ट केलेला नव्हता. फोन बाहेर नेण्याबद्दल संस्थेचा नियम नव्हता, आणि हरवला तर काय करायचं हेही कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. जून २०१६ मध्ये अमेरिकेच्या आरोग्य खात्याशी तडजोड करताना या संस्थेला साडेसहा लाख डॉलर मोजावे लागले.

या प्रकरणात एक विचित्र गोष्ट आहे. आयफोनमध्ये एन्क्रिप्शनची यंत्रणा २००९ च्या ३जीएस मॉडेलपासूनच बसवलेली असते. म्हणजे तिजोरी मजबूत होती, फक्त किल्ली दारालाच लटकत होती. पासकोडच नसेल तर फोन हातात घेणाऱ्या कुणालाही तो उघडाच. संस्थेला वेगळं काही विकत घ्यायचं नव्हतं. प्रत्येक फोनला पासकोड लावणं सक्तीचं करायचं होतं आणि ती सक्ती खरोखर पाळली जाते का, हे एका जागी बसून पाहायचं होतं.

त्या कामासाठी जे सॉफ्टवेअर वापरतात त्याला मोबाइल डिव्हाइस मॅनेजमेंट, थोडक्यात एमडीएम म्हणतात. ऑफिसात एक कन्सोल असतो, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारं नियंत्रणाचं पान. प्रत्येक फोन एकदा त्या कन्सोलशी जोडला की तिथे लिहिलेले नियम फोनवर उतरतात आणि फोन आपली हालहवाल कन्सोलला कळवत राहतो. मायक्रोसॉफ्टचं इनट्यून आणि गूगल वर्कस्पेसमधली व्यवस्था ही मोठी नावं. पुण्यातलं स्केलफ्यूजन आणि झोहोचं मॅनेजइंजिन ही आपल्याकडची. मॅनेजइंजिनची २५ फोनांपर्यंतची आवृत्ती तर फुकट आहे, त्यामुळे वीस माणसांच्या ऑफिसला खर्चाचं कारण पुढे करता येत नाही. भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं माहिती सांभाळण्यात कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. कर्जवसुलीचे प्रतिनिधी, औषध कंपन्यांचे एमआर, घरी येऊन रक्त घेऊन जाणारे लॅबचे कर्मचारी या सगळ्यांच्या खिशात लोकांची माहिती फिरत असते, तेव्हा हा विषय फक्त आयटी कंपन्यांचा उरत नाही.

एमडीएम विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकात तीन गोष्टी ओळीनं छापलेल्या असतात: एन्क्रिप्शन, स्क्रीन लॉक, रिमोट वाइप. तीन चौकटी, तीन टिकमार्क. खरेदी करणाऱ्याला वाटतं की तिन्ही सारख्या वजनाच्या आहेत, आणि त्यातही दुरून फोन पुसणारी तिसरी सगळ्यात जोरदार. प्रत्यक्षात त्या एकमेकींवर उभ्या आहेत, आणि सगळ्यात जोरदार वाटणारी तिसरी हीच सगळ्यात बेभरवशाची.

एन्क्रिप्शनची बाजू आता बरीच सोपी झाली आहे. अँड्रॉइड १० पासून बाजारात येणाऱ्या प्रत्येक नव्या फोनला ते सक्तीचं आहे. त्याआधी स्वस्त फोन मागे राहायचे, कारण त्यांच्या प्रोसेसरमध्ये एन्क्रिप्शनचं गणित झटपट करणारी सोय नसायची आणि फोन रखडायचा. २०१९ मध्ये गूगलनं अडियांटम नावाची हलकी पद्धत काढली आणि ती सबब संपली. त्यामुळे कन्सोलमध्ये ‘एन्क्रिप्शन आवश्यक’ ही खूण करणं म्हणजे आज बहुतेक वेळा जे आहे तेच तपासणं. ही खूण कामाला येते ती कपाटात पडलेले जुने फोन अजून वापरात असतील तर. फोन एन्क्रिप्ट आहे का, हे अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये सुरक्षेच्या पानावर दिसतं. शंका असेल तर केबल लावून संगणकावरून एका ओळीत विचारता येतं:

```
adb shell getprop ro.crypto.state
```

उत्तर `encrypted` आलं की झालं.

एक फट मात्र राहते, ती मेमरी कार्डाची. फोनच्या पोटातली साठवण एन्क्रिप्ट असली तरी वेगळं घातलेलं कार्ड साधारणपणे तसंच उघडं असतं. चोरानं ते काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं की त्यावरचे फोटो आणि पीडीएफ समोर. कंपनीच्या फोनांवर बाहेरचं कार्ड चालूच द्यायचं नाही, असा नियम एमडीएममध्ये लावता येतो आणि तो लावावाच.

पण एन्क्रिप्शनची सगळी ताकद स्क्रीन लॉकवर टेकलेली असते. फोन बंद करून पुन्हा सुरू केला की वापरकर्त्याचा मजकूर कुलूपबंदच राहतो. मालकानं पिन टाकला की तो पिन आणि फोनच्या चिपमधलं गुपित मिळून किल्ली तयार होते आणि मग फाइली उघडतात. पिन टाकेपर्यंत त्या फाइली नुसत्या निरर्थक आकड्यांचा ढीग असतात. एकदा पिन टाकला की मात्र किल्ली फोन बंद होईपर्यंत मेमरीत राहते आणि पुढे अडवायला उरतो तो फक्त स्क्रीनवरचा लॉक. म्हणूनच ॲपलनं २०२४ मध्ये आयफोनमध्ये एक बदल केला: तीन दिवस फोन कुणी उघडलाच नाही तर तो आपणहून रीस्टार्ट होतो आणि पुन्हा घट्ट बंद अवस्थेत जातो. नंतर अँड्रॉइडनंही तीच वाट धरली.

आता पिन किती अंकी असावा? चार अंकी पिनच्या दहा हजार शक्यता असतात, सहा अंकीच्या दहा लाख. फोनच्या चिपमध्ये चुकीच्या प्रत्येक प्रयत्नानंतर वाट पाहायला लावण्याची सोय असते, त्यामुळे चोराला दहा लाख शक्यता एका बैठकीत तपासता येत नाहीत. पण माणसं पिन निवडतात कसे? १२३४, ११११, जन्माचं साल. तेव्हा लांबीइतकाच महत्त्वाचा नियम असा की ओळीनं येणारे किंवा तेच तेच अंक चालणार नाहीत. गूगलच्या अँड्रॉइड व्यवस्थापनाच्या भाषेत कंपनीच्या फोनासाठी हा नियम असा लिहिला जातो:

```json
"maximumTimeToLock": "120000",
"passwordPolicies": [{
  "passwordScope": "SCOPE_DEVICE",
  "passwordQuality": "NUMERIC_COMPLEX",
  "passwordMinimumLength": 6,
  "maximumFailedPasswordsForWipe": 10
}]
```

बहुतेक कन्सोलमध्ये हे टाइप करावं लागत नाही, त्याच गोष्टी चौकटीत भरायच्या असतात. पहिली ओळ सांगते की १,२०,००० मिलिसेकंद, म्हणजे दोन मिनिटं हात लागला नाही तर फोन स्वतःहून लॉक व्हावा. `NUMERIC_COMPLEX` म्हणजे ४४४४ किंवा १२३४ सारखा पिन नाकारला जातो. शेवटची ओळ सगळ्यात मोलाची: दहा वेळा पिन चुकला की फोन स्वतःच स्वतःला पुसून टाकतो. या पुसण्याला इंटरनेट लागत नाही, सिमकार्ड लागत नाही, ऑफिसातला ॲडमिन जागा असावा लागत नाही. चोर फोन घेऊन डोंगरात गेला तरी हा नियम त्याच्यासोबत तिथे असतो. सहा अंकी पिन आणि दहा प्रयत्न, म्हणजे आंधळेपणानं अंक टाकणाऱ्या चोराला एक लाखात एक संधी.

या नियमाची दुसरी बाजूही आहे. घरात लहान मूल असेल आणि त्याच्या हाती फोन लागला तर? प्रत्येक चुकीनंतर वाट पाहण्याचा वेळ वाढत जातो, त्यामुळे दहा चुका सहजासहजी होत नाहीत, पण होणारच नाहीत असंही नाही. म्हणून ज्या फोनवर कामाचा मजकूर फक्त फोनमध्येच आहे आणि सर्व्हरवर नाही, त्यावर हा नियम लावण्याआधी मजकूर सर्व्हरवर जाण्याची सोय करावी. काही ऑफिसांत भीतीपोटी दहाऐवजी चार प्रयत्न ठेवतात आणि मग महिन्याकाठी एकदोन फोन पुसले जातात. चोराला दहा प्रयत्न दिले काय आणि चार दिले काय, फारसा फरक पडत नाही. कर्मचाऱ्याला मात्र पडतो.

लॉकच्या बाबतीत आणखी दोन छोट्या खिडक्या उघड्या राहतात. एक, फोन खिशात असेल किंवा घरी असेल तर लॉक होऊ नये, अशी अँड्रॉइडची सोय. एमडीएममध्ये ती बंद करता येते, तिथे तिचं नाव `TRUST_AGENTS` असं असतं. दुसरी, लॉक असलेल्या स्क्रीनवर दिसणारे मेसेज. फोन कुलूपबंद आहे पण बँकेचा ओटीपी बाहेर झळकतोय, तर कुलपाचा उपयोग काय? कामाच्या ॲपचे मेसेज लॉक स्क्रीनवर झाकलेले राहावेत, हा नियम पाच मिनिटांचं काम आहे आणि तरीही बहुतेक ठिकाणी राहून जातो.

नियम लिहिले म्हणजे लागले असंही नाही. कर्मचाऱ्यानं पिन लावायचं टाळलं तर पुढे काय, हेही ठरवावं लागतं. साधारण पद्धत अशी: पहिल्या दिवशी कामाची ॲप बंद, आठवडाभर तसंच चाललं तर कामाचा मजकूर पुसून टाकायचा. इनट्यून वापरणाऱ्यांनी एक सापळा लक्षात ठेवावा. ज्या फोनला एकही नियम लागू केलेला नाही, तो नियमात बसतो असंच तिथलं मूळ सेटिंग धरून चालतं. म्हणजे नव्यानं आलेले बारा फोन चुकून कुठल्याच गटात घातले गेले नाहीत तर यादीत त्यांच्यापुढे हिरवी खूण दिसते आणि सगळे निर्धास्त. ते सेटिंग उलट करून घ्यावं.

आता पुसण्याकडे.

मजकूर पुसायचा म्हणजे फोनची साठवण कोपऱ्याकोपऱ्यातून साफ करायची, असा सर्वसाधारण समज असतो. १२८ जीबी साफ करायला वेळ लागला असता. प्रत्यक्षात फोन फक्त किल्ली नष्ट करतो. सगळा मजकूर एन्क्रिप्ट असल्यामुळे किल्ली गेली की तो कायमचा अवाचनीय होतो, आणि हे काही क्षणांत होतं. एन्क्रिप्शन नसेल तर हा झटपट वाइप नाही, आणि पिन नसेल तर एन्क्रिप्शनला अर्थ नाही. तिन्ही गोष्टी एकमेकींवर उभ्या आहेत म्हटलं ते यासाठी.

पण किल्ली नष्ट करण्याचा हुकूम फोनपर्यंत पोचायला हवा. ॲडमिननं कन्सोलवर बटण दाबलं की तो हुकूम गूगलच्या किंवा ॲपलच्या निरोप पोचवणाऱ्या सेवेकडे जातो. ती सेवा फोनला हाक मारते, फोन जागा होऊन सर्व्हरशी बोलतो आणि हुकूम उचलतो. फोन नेटवर्कवर असेल तर एखाद्या मिनिटात काम होतं. नसेल तर हुकूम रांगेत थांबतो. गूगलच्या व्यवस्थेत लॉक करण्याच्या हुकमाला वेगळी मुदत दिली नाही तर तो दहा मिनिटांत बाद होतो, हे फार थोड्या ॲडमिनना माहीत असतं. चोरानं फोन अकरा मिनिटांनी सुरू केला तर त्याला कुठलीच हाक ऐकू येत नाही. पुसण्याबद्दलही गूगल स्पष्ट सांगतं की फोन दीर्घकाळ नेटवर्कबाहेर राहिला तर ते होईलच याची हमी नाही.

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणू. समजा, ठाण्यातली एक पॅथॉलॉजी लॅब आहे. तिच्या चाळीस फोनांपैकी पंचवीस लॅबनं दिलेले, पंधरा कर्मचाऱ्यांचे स्वतःचे. संध्याकाळी पावणेसातला कल्याण लोकलच्या दारात उभी असलेली एक ताई लॅबच्या ॲपमध्ये उद्याच्या भेटी पाहतेय. गाडी सुटता सुटता फलाटावरून हात येतो आणि फोन जातो. फोन उघडा आहे, ॲप उघडं आहे. दोन मिनिटांनी लॉक होण्याचा नियम इथे उपयोगाचा नाही, कारण चोर स्क्रीनवर बोट फिरवत राहील. त्याचं पहिलं काम ठरलेलं असतं: विमान मोड लावणं, नाहीतर सिम काढणं.

इथे आधी केलेली तयारी कामाला येते. कंपनीच्या मालकीच्या अँड्रॉइड फोनवर विमान मोड लावूच द्यायचा नाही, असा नियम अँड्रॉइड ९ पासून लावता येतो. लॅबनं तो लावला आहे. सिम काढणं राहतंच. ई-सिम असतं तर तेही काढता आलं नसतं. शिवाय लॅबचं ॲप दर पाच मिनिटांनी स्वतःचा वेगळा पिन मागतं, म्हणून फोन उघडा असला तरी रुग्णांची यादी फार वेळ उघडी राहत नाही. हिसकावलेल्या फोनाच्या बाबतीत खरं संरक्षण देतं ते हेच ॲपचं आतलं कुलूप.

ताई शेजारच्या बाईचा फोन मागून घेते. पण फोन कुणाला करायचा? मॅनेजरचा नंबर पाठ नाही, तो चोरीला गेलेल्या फोनमध्ये आहे. ही अडचण हसण्यावारी नेण्यासारखी नाही. अनेक ठिकाणी सगळी यंत्रणा तयार असून पहिला तास याच एका कारणानं वाया जातो. लॅबनं ओळखपत्राच्या मागे चोवीस तास चालणारा एक नंबर छापला आहे, म्हणून सात वाजता ॲडमिनला कळतं. तो क्रमानं तीन गोष्टी करतो. पहिली, ताईच्या लॅब खात्याचा पासवर्ड बदलून सर्व ठिकाणचे लॉगिन तोडतो. हे काम सर्व्हरवर होतं, त्यासाठी फोन सापडावा लागत नाही, त्यामुळे याला यश नक्की. दुसरी, चोवीस तासांची मुदत देऊन लॉकचा हुकूम सोडतो. तिसरी, पुसण्याचा हुकूम. मग तो ‘हुकूम पाठवला’ आणि ‘हुकूम पूर्ण झाला’ या दोन नोंदींतला फरक पाहत बसतो. पहिल्या नोंदीवर समाधान मानून घरी गेलेले ॲडमिन कमी नाहीत.

आणि इथेच आपल्याकडे नेमकी उलटी चूक होते. फोन गेला की घरचे, मित्र, सगळे एकच सांगतात: आधी सिम बंद कर, पोलिसांत जा, संचार साथीवर आयएमईआय ब्लॉक कर. सल्ला चांगलाच आहे. सरकारच्या सीईआयआर यंत्रणेत तक्रार नोंदवली की साधारण चोवीस तासांत तो फोन देशातल्या कुठल्याही मोबाइल नेटवर्कवर चालेनासा होतो, आणि चोराच्या दृष्टीनं त्याची किंमत घसरते. पण सिम बंद झालं आणि आयएमईआय ब्लॉक झाला की पुसण्याचा हुकूम न्यायला मोबाइल डेटाचा रस्ता उरत नाही. मग चोर एखाद्या वायफायला फोन जोडेल, एवढ्याच आशेवर राहावं लागतं. म्हणून कामाच्या फोनाबाबत क्रम उलटा: आधी खातं तोडा, लॉक आणि वाइपचे हुकूम सोडा, पोच आली का पाहा, मग सिम आणि आयएमईआयकडे वळा. बँकेचे ओटीपी त्याच सिमवर येत असतील तर मात्र फार थांबता येत नाही. अशा वेळी पंधरा-वीस मिनिटं वाट पाहून सिम बंद करणंच शहाणपणाचं, आणि पुसणं झालं नाही असं गृहीत धरून पुढचं पाहायचं.

आयफोनची स्वतःची एक तऱ्हा आहे. रीस्टार्ट झालेला आणि अजून पासकोड न टाकलेला आयफोन ओळखीच्या वायफायलाही जोडला जात नाही, कारण वायफायचे पासवर्डही त्याच कुलपाआड असतात. सिम काढून बंद करून ठेवलेला आयफोन पुसण्याचा हुकूम ऐकूच शकत नाही. पण त्या अवस्थेत त्याचा मजकूरही सगळ्यात घट्ट बंद असतो, हा दिलासा. आयफोन सांभाळणाऱ्या ऑफिसांनी आणखी एक तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. ॲपलच्या निरोपसेवेसाठी जे प्रमाणपत्र घ्यावं लागतं, त्याची मुदत एका वर्षाची असते आणि नूतनीकरण ज्या ॲपल खात्यातून ते काढलं त्याच खात्यातून करावं लागतं. नोकरी सोडून गेलेल्या आयटीवाल्याच्या वैयक्तिक खात्यातून ते काढलं असेल, तर वर्ष संपलं की सगळे आयफोन कन्सोलच्या हाकेला उत्तर देणं थांबवतात आणि एकेक फोन हातात घेऊन पुन्हा जोडत बसावं लागतं.

अँड्रॉइडमध्येही फोन गप्प पडण्याचे प्रकार होतात, फक्त कारण वेगळं. बॅटरी वाचवण्याच्या नादात काही कंपन्यांचे फोन मागे चालणारी ॲप मारून टाकतात आणि त्यात एमडीएमचं ॲपही बळी जातं. कन्सोलमध्ये ‘शेवटचा संपर्क’ नावाचा रकाना असतो. दर सोमवारी तो उतरत्या क्रमानं लावून पाहावा. जो फोन बारा दिवसांत बोललेला नाही, त्याला चोरीच्या रात्री मारलेली हाक ऐकू येण्याची शक्यता कमीच.

लॅबमधले उरलेले पंधरा फोन कर्मचाऱ्यांचे स्वतःचे होते, आणि खरा वाद तिथे असतो. ‘माझा फोन, माझ्या मुलीच्या बारशाचे फोटो त्यात, आणि ऑफिस ते पुसणार?’ ही भीती पोकळ नाही. टेक्सासमध्ये घरबांधणीच्या कंपनीत काम करणाऱ्या एका माणसानं २०१३ मध्ये राजीनामा दिला आणि थोड्याच दिवसांत कंपनीनं त्याचा स्वतःचा आयफोन दुरून पुसून टाकला. कामाबरोबर घरचे फोटो, व्हिडिओ, फोन नंबर सगळं गेलं. तो न्यायालयात गेला, पण २०१४ मध्ये संघराज्य न्यायालयानं संगणक कायद्यांखाली त्यानं केलेले दावे फेटाळले.

अँड्रॉइडवर त्याचं उत्तर आता आहे. २०१५ मध्ये गूगलनं आणलेल्या वर्क प्रोफाइलमध्ये फोनाचे दोन भाग होतात. कामाची ॲप ब्रीफकेसची छोटी खूण घेऊन एका बाजूला राहतात, घरची दुसऱ्या बाजूला. ऑफिसला घरच्या भागातले फोटो किंवा मेसेज दिसत नाहीत, आणि पुसण्याचा हुकूम आला तर फक्त कामाचा भाग जातो. अशा स्वतःच्या फोनावर ऑफिसला पिनचे नियमही मोकळ्या हातानं लावता येत नाहीत. अँड्रॉइड १२ पासून संपूर्ण फोनासाठी हलकी, मध्यम, कडक अशा तीनच पायऱ्या मिळतात. कडक म्हणजे किमान आठ अंकी पिन किंवा सहा अक्षरी पासवर्ड. कामाच्या भागाला वेगळा पिन मात्र लावता येतो, आणि दहा चुकांनंतर पुसण्याचा नियमही त्या भागापुरता ठेवता येतो.

पण ही भिंत एका बाजूनं गळते, आणि आपल्याकडे तर धो धो गळते. रिपोर्टचा फोटो काढून डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर पाठवण्याची सवय. ते व्हॉट्सॲप घरच्या भागात असतं, ते फोटो घरच्या गॅलरीत. वर्क प्रोफाइल पुसलं तरी ते तिथेच राहणार. यावर एमडीएममध्ये जादूचं बटण नाही. एकतर कामाच्या भागात वेगळ्या नंबराचं व्हॉट्सॲप बिझनेस द्यावं, नाहीतर रिपोर्ट पाठवण्याची सोय लॅबच्या ॲपमध्येच इतकी सोपी करावी की फोटो काढायची कुणाला गरज वाटू नये. हे केलं नाही तर बाकीचे सगळे नियम कागदावर उत्तम आणि माहिती गॅलरीत, अशी स्थिती राहते.

एक प्रश्न उरतो: एका जागी बसून सगळे फोन पुसता येतात, तर ती जागाच कुणी बळकावली तर? ४ ऑगस्ट २०२४ ला सिंगापूरमध्ये नेमकं हेच झालं. शाळांमध्ये मुलांच्या आयपॅड आणि क्रोमबुकवर मोबाइल गार्डियन नावाचं एमडीएम होतं. कुणीतरी त्या कंपनीच्या यंत्रणेत घुसलं आणि २६ माध्यमिक शाळांमधल्या सुमारे १३,००० विद्यार्थ्यांची उपकरणं दुरून पुसली गेली. काहींच्या अभ्यासाच्या नोंदीही गेल्या. शिक्षण खात्यानं ते सॉफ्टवेअर सगळ्या उपकरणांवरून काढून टाकायचं ठरवलं. त्याच्या आदल्या वर्षी, जुलै २०२३ मध्ये, नॉर्वेच्या बारा मंत्रालयांच्या वापरातल्या यंत्रणेत घुसखोरी झाली, तीही इव्हांटी कंपनीच्या एमडीएम सर्व्हरमधल्या एका तोवर माहीत नसलेल्या फटीतून.

म्हणून कन्सोलचा पासवर्ड हा ऑफिसातला सगळ्यात धोकादायक पासवर्ड समजावा. ॲडमिनच्या लॉगिनला दुसरी ओळखतपासणी लावायचीच, आणि ती एसएमएसवर अवलंबून नसलेली बरी. पुसण्याचा अधिकार दोघांपुरता ठेवावा. हेल्पडेस्कवर बसणाऱ्या नव्या मुलाला लॉक करण्याची मुभा द्यावी, पुसण्याची नाही. एकाच वेळी अनेक फोन पुसण्याला दुसऱ्या ॲडमिनची मंजुरी लागेल, अशी सोय काही सॉफ्टवेअरमध्ये आहे. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये ती असेल तर आजच चालू करावी.

जोडणीबद्दल थोडं. कंपनीचा नवा अँड्रॉइड फोन खोक्यातून काढला की स्वागताच्या पहिल्या स्क्रीनवर सहा वेळा टॅप करायचं, कॅमेरा उघडतो, कन्सोलनं दिलेला क्यूआर कोड दाखवायचा आणि फोन पूर्णपणे कंपनीच्या ताब्यात येतो. हे फक्त कोऱ्या फोनवर होतं. आधीपासून वापरात असलेला फोन असा घ्यायचा तर तो रीसेट करावा लागतो, त्यामुळे पंचवीस फोन एका दुपारी जोडू म्हणणाऱ्यानं आधी बॅकअपचा दिवस ठरवावा. कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या फोनवर मात्र रीसेट लागत नाही, नुसतं ॲप घालून वर्क प्रोफाइल तयार होतं.

नियम लावून झाले की एक जुना फोन घ्या, त्यात खोटा मजकूर भरा आणि तो हरवला असं समजा. एकदा नेटवर्क चालू ठेवून पुसा आणि किती मिनिटं लागली ते घड्याळ लावून पाहा. दुसऱ्यांदा सिम काढून ठेवा, हुकूम सोडा, दुसऱ्या दिवशी वायफायला जोडा आणि हुकूम अजून जिवंत आहे का बघा. तिसऱ्यांदा दहा वेळा चुकीचा पिन टाका. या तीन चाचण्यांतून जे कळतं ते कुठल्याही माहितीपत्रकात नसतं.

आणि ज्यांच्या फोनवर ऑफिसनं हे सॉफ्टवेअर घालायला सांगितलं आहे, त्यांनी ‘पुढे’, ‘पुढे’ दाबत जाऊ नये. ब्रीफकेसची खूण दाखवणारं, कामाचा भाग वेगळा करणारं पान समोर येत असेल तर घरचा मजकूर ऑफिसच्या हाताबाहेर आहे. हा संपूर्ण फोन संस्थेच्या नियंत्रणात जातो आहे, अशा अर्थाची सूचना आली आणि फोन स्वतःच्या पैशांचा असेल, तर तिथेच थांबून ऑफिसला लेखी विचारावं: फोन हरवला तर काय पुसणार, नोकरी सोडली तर काय पुसणार, आणि रात्री नऊ वाजता कळवायचं झालं तर कोणत्या नंबरवर?